उमेदवार ठरवतं कोण?

मंगळवार, संध्याकाळ

आज पौडला पक्षाच्या मुलाखती झाल्या. पंचायत समितीची आमची जागा महिलांसाठी राखीव, म्हणून सूनबाईने, सुनंदाने, उमेदवारी मागितली आहे. निरीक्षकांनी तिला फक्त नाव विचारलं. बाकी सगळं तिच्या नवऱ्याला, माझ्या दत्ताला: भावकीची मतं किती, खर्च झेपेल का? खुर्चीवरही दत्ताच बसला. सुनंदा उभी. ती खुर्ची डोळ्यांपुढून जात नाही.

न राहवून मीच म्हणालो, "सायेब, आमी जुने सभासद. उमेदवार ठरवताना आमचं मत का घेत न्हाई?"

ते हसले. "आजोबा, नावं वर जातात. समिती निवडते, तीच एबी फॉर्म देते. तो असेल तरच पक्षाचं चिन्ह. तुम्ही मतदान करा की."

पण तोवर नाव ठरलेलं. मग माझ्या हातात राहिलं काय? सभासदांनीच मतं देऊन उमेदवार निवडला तर? सुनंदा नक्की निवडली जाईल.

घरी येऊन हे भाडेकरू जाधवबाईंना सांगितलं. त्या बीडकडच्या. म्हणाल्या, "बाबा, सभासद कोण? तुमचीच भावकी. आमच्या खोल्यांतलं एक तरी हाय का?"

नाही. हे कधी मनातच आलं नव्हतं. त्यांनाही सभासद करून घ्यायचं? मग सुनंदा पडली तर?

"तुमी तितं, मुलाखतीत, काय इचारलं असतं?" मी म्हणालो.

"टँकर किती वर्षं पुरवणार? नळ कवा येणार?"

सुनंदा आतून आली, त्यांच्यासमोर बसली आणि पाण्याचं सांगू लागली. दत्ता मध्येच बोलायला गेला.

"तुमाला इचारलंय का?" ती म्हणाली.