गुंडावरच्या चार ओळी

११ डिसेंबर

ठरलं. प्रतीक्षाला चार ओळी लिहून द्यायच्या. बोलायला गेलो की भलतंच बोलतो. लिहिलेलं निदान खोडता येतं.

पहिला प्रयत्न – चंद्र, गुलाब, पापण्या. वाचून लाज वाटली. हे कोणत्याही मुलीला चाललं असतं. फाडलं.

१२ डिसेंबर

तिचं स्वतःचं काहीतरी हवं. ती आमच्या भांड्यांच्या दुकानाशेजारी झेरॉक्स काढते. आज नीट पाहिलं – मशीनमधून निघालेला गरम कागद ती आधी गालाला लावते, मग गिऱ्हाइकाला देते. थंडीच तेवढी आहे. हेच लिहायचं.

१४ डिसेंबर

बारा ओळी झाल्या होत्या. आठ कापल्या. उत्तर मागणारी ओळही काढली – तिची अडचण नको, वाचून हसली तरी पुरे. 'तू' की 'तुम्ही' यात संध्याकाळ गेली. समोर 'तुम्ही' म्हणतो, मग कागदावर एकदम 'तू' कसं? उरलं ते हे –

निघालेली गरम झेरॉक्स
तुम्ही गालाला लावता;
काम माझं एका पानाचं –
न बोलता तीनदा बोलावता.

हळू आवाजात वाचून पाहिलं. शेवटची ओळ लांब आहे. असू दे, हसू तिथेच येतं. खाली नाव घालायची गरज नाही. माझ्या आधारकार्डाच्या झेरॉक्स चौदा झाल्या आहेत. तिला कळेल.

१६ डिसेंबर

आधी पेन्सिलने, मग पेनाने. कागद दुकानातल्या चिठ्ठीचा घेतला – तळहातात मावतो, घडी लागत नाही.

आणि आता काय झालं ते लिहितो. 

आमच्याकडे गिऱ्हाईक भांड्यावर टाकायचं नाव चिठ्ठीवर लिहून देतं. चिठ्ठी भांड्यात ठेवायची. मी शुद्धलेखन तपासतो, मग कवडूकाका मशीनने ते भांड्यावर उतरवतात. काकांना वाचता येत नाही. अक्षर चित्रासारखं पाहून काढतात, आणि माझ्यापेक्षा सुंदर काढतात. हे फक्त मला माहीत. मालकांना नाही.

सकाळी एका गुंडातली, म्हणजे पाणी भरायच्या पितळी भांड्यातली, चिठ्ठी तपासायला काढली. बचत गटाची होती – 'आनंदराव गुरुजींना सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट'. तेवढ्यात मालक पुंडलिकरावांनी गोदामात बोलावलं. माझा कागद खिशात चुरगळेल म्हणून तो जरा वेळ गुंडात ठेवला. गटाची चिठ्ठी खिशात घातली.

गोदामात दोन तास गेले. परत आलो तर गुंड नाही.

"नाव टाकलं ना बाप्पा," काका म्हणाले. "बाया घेऊनबी गेल्या. पेपरात बांधून देल्लो."

"कोणतं नाव, काका?"

"चिठ्ठीत होतं ते. लय लंबं होतं. आंग दुखून राहिलं माह्यं."

१७ डिसेंबर

गटाचा फोन नंबर नाही. कार्यक्रम लाखांदूरकडच्या कुठल्या तरी गावी. जेवलो नाही.

१९ डिसेंबर

गटाच्या सुशीलाबाई आल्या. हातात गुंडाच्या फोटोची मोठी प्रिंट. चारही ओळी स्वच्छ दिसत होत्या. काकांनी एक मात्राही सोडलेली नाही.

"सरपंचानं माइकवर वाचलं, भाऊ," त्या मालकांना म्हणाल्या. "अठ्ठावन वर्षांचे गुरुजी! कोन गालाले लावते, म्हणून त्याईची बायको इचारून राहिली."

मालक काकांकडे वळले. "कवडू, वाचता येत नाही काय तुले?"

 काकांनी तेवीस वर्षं झाकलेली गोष्ट आता निघणार होती.

मी म्हणालो, "चिठ्ठी माझी आहे. गटाची चिठ्ठी मीच काढली होती. काकांना मी दिलं तेच त्यांनी टाकलं."

"तुही? कोनासाठी लिहिली बे?"

 मालकांनी प्रिंट पुन्हा वाचली. 'झेरॉक्स'पाशी थांबले, शेजारच्या भिंतीकडे पाहिलं आणि सुशीलाबाईंना नवा गुंड काढून दिला. तो मीच तपासायचा, असं ठरलं.

मग माझ्या लक्षात आलं. मी विचारलं, "बाई, ही प्रिंट कुठे काढली?"

"अन् कुठं? हे बाजूलेच. पोरीनं दोनदा वाचली, मंग पैसे घेतले."

२० डिसेंबर

दुकानात मागच्या दाराने गेलो. मागच्या दाराने आलो.

२१ डिसेंबर

प्रतीक्षाच आली. काका होते, मालक होते. सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"तो गरम कागद थंडीसाठी नाही लावत मी गालाले. दाढ दुखून राहिली महिन्यापासून. उद्या उपटाची आहे, दवाखान्यात एकटीले भेव लागते. तुम्ही येता काय?"

मला फक्त "किती वाजता" एवढंच म्हणता आलं.