आरज़ूच्या जागी हसरतें

२ मार्च २०२४, तासगाव
दस्तगीरनं आज काम दिलं. मिरजेच्या दवाखान्यात, पोटात पाणी साठलेलं, आणि म्हणतो, "शेठ, दोन ओळी लिही."

तू गई तो कुछ नहीं बदला यहाँ
घर का दर खोले हुए है आरज़ू

लेकीसाठी. शमशादनं मिलिंदशी आपल्या मनानं लग्न केलं, पाचगणीला गेली, सात वर्षं बापलेकीत बोलणं नाही. ती मराठी शाळेत शिकली, नातू इंग्रजी. म्हणून शेराखाली दोन्ही भाषांत अर्थ लिहून तिच्या फोनवर पाठवायचा.

आणि अट. "दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई. आजारासाठी येणार असंल तर नको. शेर वाचून आली तर यावं."

माझा पहिला ट्रक यानंच चालवला. केबिनमध्ये त्याचे शेर ऐकत मी उर्दू कानानं शिकलो, लिपी अजून येत नाही. त्याची अट मोडवत नाही.

३ मार्च
शेडवर बेदाण्याची घाई, डोक्यात आरज़ू. 'इच्छा' कोरडं वाटतं. इच्छा तर चहाचीही होते. 'आस' बरं. आस वाट बघते.

संध्याकाळी मिरजेला गेलो. विचारलं, "इश्क का नाही घातलास? वजनदार शब्द."

"इश्क अरबी, फारसीच्या हाताला धरून आपल्याकडं आला. जुने लोक त्याचं मूळ एका वेलीत सांगायचे. झाडाला विळखा घालती, झाड वाळवती."

"म्हणजे आपली अमरवेल."

"व्हय. ते बापाचं काम न्हवं. बापानं दारात बसावं." मग म्हणाला, "प्रेम त्यापुढं लय मऊ. आणि लव्ह म्हंजे बिस्किट, कुठल्याबी चहात बुडवा."

दर आणि आरज़ू मात्र अस्सल फारसी. आपला दरवाजा त्याच दराचा. बेदाणाही फारसीच – बे म्हणजे बिन, दाणा म्हणजे बी. तीस वर्षं फारसी विकतोय आणि पत्ता नाही!

५ मार्च
इंग्रजीला दमवलं. 'विश' वाढदिवसाची. 'डिझायर' बापाच्या तोंडी शोभत नाही. 'लाँगिंग' जवळचं, पण त्यात नुसती हुरहुर, दार उघडं असेलच असं नाही. शेवटी 'होप'. मराठीत असं –

तू गेलीस, इथं काही बदललं नाही
घराचं दार आस उघडं धरून आहे

दस्तगीरनं डोळे मिटून ऐकलं. "चाललं. बेदाण्यापेक्षा बरा माल हाय."

पाठवलं.

६ मार्च
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

९ मार्च
अजून नाही. तो विचारत नाही, माझ्या खिशाकडं बघतो.

११ मार्च
आज म्हणाला, "एक शब्द बदल. आरज़ू काढ, हसरतें घाल. परत धाड तिला."

घर का दर खोले हुए हैं हसरतें

मी बोटांवर मोजलं. आ-र-ज़ू, हस-र-तें. दोन्ही गालगा – गुरू, लघू, गुरू. वजन तसूभर हललं नाही. बाकी सगळं हललं.

आरज़ू पुरी होऊ शकते. हसरत म्हणजे आता होणार नाही हे कळून चुकलेली, तरी मनात जळत राहिलेली इच्छा. मराठीला एक शब्द नाही. 'राहून गेलेलं' म्हणावं तर जळणं सुटतं. 'खंत' म्हणावं तर इच्छा सुटते. इंग्रजी 'रिग्रेट'चंही तेच.

"कशाला बदलतोस रं?" मी.

"शेर खोटा नसावा."

१२ मार्च
फोनमध्ये लिहून ठेवलंय. बोट दाबत नाही. तिला वाटेल, बापानं आशा सोडली, आता जाऊन काय करायचं. निघालेली असली तरी परत फिरेल.

संयोगिताला सांगितलं. बायको माझी, पण बाजू त्याची. "आवं, शेर त्यांचा. तुमी कोण दार उघडं ठेवणार?"

१३ मार्च
"पाठवलंस?" दस्तगीर.

"पाठवलं."

माणूस ओळखण्यावर धंदा केलाय मी. मुलगी येईल. आस आहे तोवर येईल.

१६ मार्च
दस्तगीर पहाटे गेला. मिलिंदला मीच फोन केला. ते पोचले तेव्हा माती देऊन झाली होती.

१७ मार्च
शमशाद भेटली. रडत नव्हती. म्हणाली, "काका, आरज़ू वाचलं आणि जीव भांड्यात पडला. अब्बांचं दार उघडं आहे, म्हणजे वेळ आहे. उत्तर काय लिहायचं, पोराची परीक्षा उरकून त्याला घेऊनच येणार होते. ते कधी हसरत म्हणाले असते ना, तर वेळ संपत आली हे कळून मी त्याच रात्री निघाले असते. तो शब्द ते उगाच नव्हते काढत."

१८ मार्च
फोनमध्ये हसरतें तसंच लिहिलेलं आहे. पाठवलं नाही. पुसलंही नाही.