सुले, आता तू झोप

नाशिक रोड
९ फेब्रुवारी १९८२

प्रिय सुले,

वाढदिवसाच्या शुभेच्छा. लगेच ‘आता कसले वाढदिवस’ म्हणू नकोस. तू जन्मलीस याचा मला आनंद आहे आणि तो मी तुला न विचारता साजरा करणार.

रविवारी तुला पाहून माझं डोकं फिरलं. वेणी एकीकडे, परकर उलटा, आणि वर ‘मला काय धाड भरलीय!’ सहादूदादा घोटीहून येतो, आईच्या पायावर डोकं ठेवतो, ‘आमची सुला म्हणून करते गं’ म्हणतो आणि दुपारच्या एसटीने परत जातो. नुसत्या कौतुकाने अर्धांग झालेल्या आईची कूस बदलते होय? रात्रीतून दर दोन तासांनी तिला वळवायचं, पाठीशी उशी लावायची, माकडहाडावर लाली दिसते का बघायचं, ओलं कापड काढायचं. हे सगळं एकटीने करतेस आणि सकाळी शाळेत मुलांना पाढे शिकवतेस.

तुझं नेहमीचं उत्तर मला पाठ आहे: आई माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. वहिनीने भरवलं तेव्हा दात आवळून बसली, हे खरं. पण वहिनीने तिला आडवं ठेवून, लुळ्या बाजूने, पातळ वरण पाजलं होतं. तुझ्या आईला, माझ्या भागीमावशीला, केवढा ठसका लागला! त्यानंतर ती तोंड उघडेल कशी? वहिनीला कुणी दाखवलंच नव्हतं. तूही नाही, बाई.

रविवारी तू भरवता भरवता झोपलीस. चमचा हातात, कपाळ खाटेच्या कडेला. मी वाटी घेतली. तू करतेस तसंच केलं: तिला ताठ बसवलेलं होतंच, हनुवटी जरा खाली, चांगल्या बाजूने छोटा घास, गिळल्याशिवाय दुसरा नाही. मावशीने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि तोंड उघडलं. सगळी मऊ खिचडी खाल्ली. शेवटी लुळ्या गालात बोट फिरवलं, तर तिथे तू दिलेला घास तसाच अडकलेला. तशीच आडवी केली असतीस तर? एवढी दमली आहेस तू. तुला जाग आली ती माझ्यावर खेकसतच. ‘झोपले नव्हते!’

तर ऐक. सहादूदादाला मी कळवलंय, चांगलं खरमरीत. येत्या रविवारी तो आणि वहिनी येतील, मी दोघांना शिकवीन आणि पुढे रविवार त्यांचा, बुधवारची रात्र माझी. तुझी परवानगी मागितलेली नाही. रागावलीस तर रागाव, भांडलीस तर भांड, मी खमकी आहे. आणि हे माझ्या मनाचं नाही. तू झोपलेली असताना मावशीने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. वर्षभरात जिच्या तोंडून धड शब्द निघाला नाही, तिने केवढी धडपड केली, सुले. घाम फुटला तिला. ‘निजू दे,’ म्हणाली. ‘माझी पोर हाय. निजू दे.’

तुझीच भांडखोर,
विमल