पुरवणीतले नऊ मार्क

२० जून

प्रिय आई,

तुझं शिक्षकांचं प्रशिक्षण बरं चाललं असेल. इकडे सगळे ठीक. बाबांचा स्वयंपाक आता तोंडात घालण्याजोगा झालाय. धाकट्याचा पुढचा दात पडला, त्यामुळे तो दिवसभर आरशापुढेच असतो.

काल शाळेत उत्तरपत्रिका दाखवल्या. गणितात बहात्तर कळल्यावर मी किती रडले होते, ते तू पाहिलंयस. विज्ञान शाखेची यादी पंचाहत्तरला थांबते. "अभ्यास थोडा कमी पडला गं," म्हणत तू पाठीवरून हात फिरवलास. तो हात आता आठवतानाही नकोसा वाटतो.

गणिताच्या सरांसमोर बसून मी एकेक पान उलटून बेरीज केली. अठरा, पंधरा, चौदा, तेरा, बारा. बहात्तर बरोबर. पण सहावा प्रश्न मी पुरवणीत सोडवला होता. तिथे सरांनी लाल शाईत नऊ दिलेत आणि पहिल्या पानावरच्या तक्त्यात सहाव्याचा चौकोन रिकामा! एक्क्याऐंशी, आई! मला बाकावर चढून नाचावंसं वाटलं. सरांनी कपाळावर हात मारला. "तक्त्यात उतरवायचेच राहिले की माझे! पण पडताळणीत तरी सापडायला हवे होते."

बेरीज पडताळणारे मोजलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी हिरवा ठिपका देतात ना? पुरवणीतल्या नऊशेजारीही आहे. आणि तक्त्याखाली तुझी हिरवी सही.

संध्याकाळी तुला फोनवर विचारलं, "चुकून राहिलं ना?" खोटं का होईना, हो म्हणायचंस. तू म्हणालीस, "दिसलं होतं. पण माझ्या हातून माझ्याच मुलीचे नऊ वाढले असते, तर स्टाफरूमने मला फाडून खाल्लं असतं."

त्याच गठ्ठ्यात शिपाईकाकांच्या मुलाचे चार मार्क तू वाढवलेस, कारण ते त्याचे होते, हे तूच घरी सांगितलं होतंस. मग माझे नऊ कोणाचे होते? केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला काल कळलं. बाहेरच्या कोणी केलं असतं तर मी तुझ्याच कुशीत येऊन रडले असते. आता कुठे जाऊ?

दुरुस्तीच्या अर्जावर तीन सह्या लागतात. तपासणाऱ्या सरांनी केली, पालकाच्या जागी बाबांनी केली. पडताळणीची उरली आहे. सोमवारी यादी लागते, म्हणून अर्ज आणि हे पत्र बाबांबरोबर पाठवतेय. कारणाच्या रकान्यात 'नजरचुकीने' असं मात्र लिहू नकोस.

आईकडे मला काही मागायचं नाही. पुढच्या ओळी पडताळणी करणाऱ्या बाईंसाठी आहेत.

बाई, माझ्या उत्तरपत्रिकेची बेरीज चुकली आहे. कृपया दुरुस्त करून सही करावी.

आपली विद्यार्थिनी,
तुकडी ब, हजेरी क्रमांक सदतीस