दिवेलागणीच्या आत

सोमवार, ८ जानेवारी १९४०
कचेरीतून आलो तर लेक गोजर पुन्हा झोपलेली! सासूबाई जाग्या. फैसलाच सुनावला — "पाव्हणं, महिनाभर बघते. दिवेलागणीच्या आत घरी येत जा. न्हाई जमलं तर पोरीला माझ्याकडं वडीगोद्रीला नेते. आई गेली, बाप बी झोपेतच भेटायचा का?"
पाच वर्षांची पोर. ती गेली तर घरात मी आणि मांजर. मांजरही माझी वाट बघत नाही.

मंगळवार, ९ जानेवारी
कचेरीत दिवस कुठं जातो ते लिहून काढलं. लाज वाटली. पान, गप्पा, पुन्हा पान — दीड तास माझाच! अर्जवाले घडीघडी विचारतात, "माझ्या कागदाची नक्कल झाली का?" मान वर केली की ओळ चुकते, कागद फाडा. आणि पाचला हेडक्लार्क काकासाहेबांना हमखास आठवतं — "मच्छिंद्र, जरा एवढं!" त्यांचं जरा दोन तासांचं.

गुरुवार, ११ जानेवारी
पहिला नकार दिला. "पोट दुखून राह्यलं." काकासाहेबांनी खणातून चूर्ण काढलं. "खा. आता बस." खाल्लं आणि सातपर्यंत लिहीत बसलो. कारण सांगितलं की लोक कारणावरच इलाज करतात!

सोमवार, १५ जानेवारी
नवा बेत. सकाळी डोकं ताजं, तेव्हा मोठ्या नकला. अर्जवाल्यांनी बारा आणि तीनलाच यायचं. सव्वातीनला मीच काकासाहेबांपुढं — "आजचं जरुरी काय?" शेवटचा अर्धा तास मुद्दाम रिकामा, काहीतरी उपटतंच. पान एकच. हे सगळ्यात अवघड.

बुधवार, २४ जानेवारी
रोज वेळेवर घरी! गोजर सागरगोट्यांत उघड उघड लबाडी करते. आज मांडीवरच झोपली. पायाला मुंग्या आल्या, तरी हललो नाही. फार सुख वाटलं.

बुधवार, ७ फेब्रुवारी
पाचला काकासाहेब — "उद्या साहेबांचा दौरा. गावांची यादी करून जा."
"कधी लागंल?"
"दहाला."
"आज न्हाई जमणार. सकाळी सातला येतो, नऊला यादी तुमच्या हातात."
"का? घरी काय जळून राह्यलं?"
कारण ओठांवर आलं होतं. गिळलं. "आज न्हाई जमणार."
नोकरी गेलीच म्हटलं! त्यांनी चष्मा पुसला. "नऊ म्हंजे नऊ!"

गुरुवार, ८ फेब्रुवारी
यादी पावणेनऊला दिली. महिना भरला. सासूबाईंनी गाठोडं बांधलं — एकटीचंच. गाडी दारात, पण चढेनात.
"पाव्हणं, तुमचं निमित्त होतं. लेक गेल्यापासून सांजच्याला घर मलाच खायला उठतं. पोर माझ्यासाठीच नेणार होते. हितंच राहू का?"
गाडीवाल्याला परत पाठवलं.