सात खुर्च्यांचा आठवडा

सोमवार, ४ मार्च

श्रीमन्नभोमंडलवाचस्पती, अंधारदालनचक्रवर्ती, सप्तग्रहभाट, द्वाविंशतिवर्षीय करकरासनाधिपती — म्हणजे तारांगणाचा निवेदक, म्हणजेच मी — आज दुपारी तीन वाजता बंडखोर झालो. नोंद येथेच करतो. अन्यत्र कोणी करील अशी चिन्हे नाहीत.

घडले असे. नव्या संचालिकाबाईंनी खोलीत बोलावले. समोर चार कागद. ‘यापुढे निवेदन ध्वनिमुद्रित. आवाज तुमचा, मजकूर आमचा. तुम्ही ध्वनिपर्यवेक्षक म्हणून राहाल.’ बटण दाबणाऱ्यास इतके भारदस्त नाव! मान तुकविणारच होतो, इतक्यात तिसऱ्या कागदावर दृष्टी गेली: ‘वारांच्या क्रमास काही अर्थ नाही. ती प्राचीनांची लहर होती.’

लहर!

म्हटले, ‘बाई, हे वाक्य माझ्या घशातून निघणार नाही.’

‘मग दुसऱ्याचा घसा आणू,’ बाई म्हणाल्या. ‘आणि तुम्हांला सामानखिडकीवर. छत्र्या सांभाळा.’

मंगळवार, ५ मार्च

बायकोला सांगितले. ती म्हणाली, ‘अहो, एका ओळीसाठी? वाचून टाका की. ऐकतंय कोण?’

मी म्हटले, ‘मी ऐकतो.’

‘तुम्ही तर घरात मी बोललेलंही ऐकत नाही.’

बुधवार, ६ मार्च

आजचा खेळ नेहमीप्रमाणे, माझ्याच तोंडून. (खुर्ची नेहमीप्रमाणे करकरली. तेल मागून आठ महिने लोटले.) नावांचा भाग मुद्दाम रंगविला. ठिपक्यांच्या स्थिर गर्दीत सात दिवे भटकतात: चंद्र, सूर्य आणि पाच ग्रह. जे स्वेच्छेने फिरते त्यास इच्छा असणार, आणि इच्छा असली म्हणजे देव आलाच. बाबिलोनी लोकांनी तांबड्या दिव्यास युद्ध व रोगराईच्या नेर्गलचा म्हटले, सर्वांत तेजस्वी दिव्यास इश्तारचा, प्रेमदेवतेचा. ग्रीकांनी आपल्या देवतांपैकी तशाच स्वभावाचे शोधून तेथे बसविले; रोमनांनी ग्रीकांवरून आपले. भाडेकरू बदलले, खोल्या त्याच. आपल्या भाषेत तांबडा तो अंगारक, आणि रेंगाळणारा तो शनैश्चर — हळू चालणारा. माझ्या कार्यालयातील पुष्कळांना हे नाव शोभले असते.

मग ग्रहांचे चंद्र. गुरूभोवती चार ठिपके सापडले, तेव्हा शोधकर्त्याने त्यांना आपल्या आश्रयदात्या घराण्याचे नाव दिले. खुशामत टिकली नाही. दुसऱ्या एका निरीक्षकाने सुचविलेली नावे कालांतराने रुळली: आयो, युरोपा, कॅलिस्टो या रोमन देवराजाच्या प्रेयसी, आणि गॅनिमीड हा त्याने पळविलेला पेला भरणारा. येथे एक घोटाळा आहे. त्यांचा हा ग्रह म्हणजे देवांचा राजा. आपला म्हणजे देवांचा गुरू, सोवळा शिक्षक. आमच्या गुरुजींच्या अंगणात तीन परस्त्रिया फिरतात, आणि त्यांना खबरही नाही. सभागृह हसले.

शेवटच्या रांगेत बाई बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, ७ मार्च

बाई यंत्रखोलीत आल्या. यंत्रचालक — आम्ही त्यास घुबड म्हणतो, अंधारातच उमलतो म्हणून — तारांच्या जंजाळामागे सरकला.

‘रविवार, सोमवार, मंगळवार,’ बाई म्हणाल्या. ‘सूर्य, चंद्र, मंगळ. मग बुध, मग गुरू. अंतराने पाहा, तेजाने पाहा, वेगाने पाहा. कुठला क्रम लागतो?’

‘सरळ लागत नाही.’

‘मग लहरच की ती.’

‘उडी मारून लागतो.’

‘उडी मारायचं तुमचं वय राहिलेलं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘रविवारचा खेळ शेवटचा. सोमवारी ध्वनिमुद्रण. वाचणार की छत्र्या?’

‘छत्र्या.’

तारांमागून घुबड कुजबुजले, ‘दादा, छत्रीखिडकीत पंखासुद्धा नाही.’

शुक्रवार, ८ मार्च

मन एकदा डळमळले. बायकोने ते पाहिले असावे. ताट पुढे सरकवीत म्हणाली, ‘वाचणार नसाल तर नका वाचू. पण मग तोंड पाडून बसायचं नाही. दोन्ही एकदम मला परवडत नाही.’

आज्ञा शिरसावंद्य.

रविवार, १० मार्च

अखेरचा खेळ. बाई पुन्हा शेवटच्या रांगेत. मी दिवे लावावयास सांगितले. घुबडाने क्षणभर विचार केला आणि लावले. त्याचे हे धैर्य ग्रंथांतरी नमूद व्हावे.

मंचावर सात खुर्च्या वर्तुळात मांडल्या. सात प्रेक्षक बोलावले आणि ताऱ्यांमधून आकाशाची फेरी पुरी करण्यास ज्यास अधिक काळ लागतो तो आधी, असे बसविले. प्रथम शनी, सुमारे एकोणतीस वर्षे (एक स्थूल गृहस्थ, स्वखुशीने). मग गुरू, बारा. मंगळ, जवळजवळ दोन. सूर्य, एक वर्ष. शुक्र आणि बुध सूर्याच्या मागेपुढेच घोटाळतात. त्यांची जागा प्राचीनांनी याच क्रमाने, सूर्यानंतर ठरविली. शेवटी चंद्र, महिन्याहूनही कमी. प्राचीनांच्या मते जो मंद तो दूर.

‘आता दिवसाचे चोवीस होरे, म्हणजे तास. प्रत्येक होऱ्यास एक स्वामी, याच क्रमाने, फिरून फिरून. पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याच्या नावाचा तो वार. शनिवारी पहिला होरा शनीचा. मोजा.’

सभागृह मोठ्याने मोजू लागले. सात, चौदा, एकवीस: तीन फेऱ्या पुऱ्या. उरले तीन: शनी, गुरू, मंगळ. दिवस संपला. पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, कोणाचा?

‘सूर्याचा,’ शनी म्हणाला. मग जरा थांबून, ‘अरेच्चा, रविवार.’

पुन्हा दोघांना ओलांडा: शुक्र, बुध. तिसरा चंद्र. सोमवार. शनी आणि गुरू ओलांडा: मंगळ. सूर्य, शुक्र ओलांडा: बुध. चंद्र, शनी ओलांडा: गुरू. मंगळ, सूर्य ओलांडा: शुक्र. बुध, चंद्र ओलांडा, आणि स्थूल गृहस्थ आपण होऊन उठून उभे राहिले.

मी म्हटले, ‘सभ्यहो, पृथ्वी मध्यभागी आहे हे त्यांचे म्हणणे चुकले. होऱ्यावरून भविष्य कळते हे तर साफ खोटे. पण चोवीस भागिले सात, बाकी तीन, हे खरे. भविष्य खोटे, भागाकार खरा. त्यास लहर म्हणणे मला जमणार नाही. नमस्कार.’

शेवटच्या रांगेत बाई बोटांवर मोजत होत्या. एकदा मोजले. पुन्हा मोजले. मग निघून गेल्या.

सोमवार, ११ मार्च

छत्र्यांची मानसिक तयारी करून गेलो. बाई म्हणाल्या, ‘काल मोजून पाहिलं. चुकले मी. मजकूर तुमचा. एक अक्षर बदलणार नाही. बसा, मुद्रण करू.’

वाटाघाटीची भाषणे पाठ केली होती. सर्व फुकट गेली. यंत्रखोलीत माझ्याच खुर्चीवर बसून सलग वाचले, प्राचीनांच्या बाजूने, छाती काढून. घुबडाने अंगठा वर केला.

शुक्रवार, २२ मार्च

आज नवा खेळ सुरू झाला. माझा मजकूर, माझा आवाज, रोज पाच वेळा, कायमचा. म्हणून निवेदकाचे पद रद्द. बटण घुबडच दाबते. पर्यवेक्षकाची गरज उरली नाही असे वर ठरले. बाई स्वतः सांगावयास आल्या. नजर वर करीत नव्हत्या. मी म्हटले, ‘बाई, हाच सौदा पुन्हा मांडलात तर पुन्हा हेच करीन.’ हे खरे आहे.

सामानखिडकीत आता मी, चोवीस छत्र्या आणि सात खुंट्या. खुंटीस तीन-तीन. शेवटच्या तीन जमिनीवर.

खिडकीतून खेळ स्पष्ट ऐकू येतो. चंद्र, शनी ओलांडा, गुरू — आणि नेमकी तेथेच खुर्ची करकरते. मुद्रणातच उतरली आहे. रोज पाच वेळा. तेल आज आले, कुठे घालू?