सरबताचा पेला

३ फेब्रुवारी
भिंगरीचा फोन. लग्नात टोस्ट मी करायचा म्हणे! मला टोस्ट म्हणजे चहात बुडवतात तोच माहीत. "तसं नाही रे दादा. उभं राहायचं, थोडं बोलायचं, पेला उचलायचा, सगळे उचलतात, एकेक घोट. झालं." अटी दोन. दोन मिनिटांच्या आत. आणि पाहुणे पिणारे नाहीत, तेव्हा दारूचं नाव नको, गमतीतसुद्धा नको.
मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. माझं बोलणं दोऱ्या आणि दरवाजांशी. तरी हो म्हणालो. एकुलती बहीण.

४ फेब्रुवारी
तिच्या सासरचे फार कडक असावेत. जावई चष्म्याच्या दुकानात असतो, मवाळ वाटतो. त्याचे वडील कडक असतील? विचारावंसं वाटतंय, पण कसं विचारणार?

७ फेब्रुवारी
पहिला खर्डा आईबाबांना वाचून दाखवला. माझ्या मित्राच्या पार्टीत भिंगरी टेबलावर चढून गायली होती, तो किस्सा घातला होता. दारूचं नाव कुठेच नव्हतं. मला वाटलं, हसतील. आई भाजी निवडत राहिली. बाबा म्हणाले, "हा नको. दुसरा शोध."
का, ते सांगेनात. तिच्या सासरचा एवढा धाक!

१० फेब्रुवारी
हॉलच्या मॅनेजरबाईंना भेटलो. मी समजत होतो, टोस्ट म्हणजे शब्द. बाई म्हणाल्या, निम्मा टोस्ट ट्रेमध्ये असतो. तुम्ही उभे राहण्याआधी प्रत्येकाच्या हातात भरलेला पेला हवा. नाहीतर तुम्ही "उचला" म्हणता आणि अर्धे लोक वेटर शोधतात.
मी म्हटलं, दारूसारखी दिसणारी, बिनदारूची, फसफसणारी बाटली मिळते ना? तिचं बूच उडवलं की मजा येईल.
"ज्यांनी सोडलीय त्यांना ते बूच उडाल्याचा आवाजसुद्धा नको असतो," बाई म्हणाल्या. "आलं-लिंबाचं सरबत ठेवा. सगळ्यांना एकच पेय, एकसारखे पेले. दोन ट्रे आले की लोक एकमेकांच्या पेल्यात डोकावतात. ज्याला साखर चालत नाही त्याला तशाच पेल्यात पाणी."
आणि शेवटची ओळ अशी हवी, की पेला न उचलणाऱ्यालाही म्हणता यावी. हे मला सुचलं नसतं.
भिंगरीला फोनवर सांगितलं. बुचाचं ते वाक्य तिने पुन्हा म्हणायला लावलं. मग, "बाईंना माझा नमस्कार सांग."

१२ फेब्रुवारी
नवा किस्सा सापडला. समोरच होता!

१५ फेब्रुवारी
आरशासमोर म्हटला. तीन मिनिटं. दोन विशेषणं आणि आमचं अख्खं बालपण कापलं. आता दीड.

१९ फेब्रुवारी
झालं. जसं बोललो तसं उतरवून ठेवतो—

"नमस्कार. मी नवरीचा दादा. लिफ्ट दुरुस्त करतो. एकदा एका इमारतीची लिफ्ट मधेच अडकली. आत माझी बहीण आणि एक अनोळखी गृहस्थ. तिचा मला फोन. मी पोचलो तासाभराने. दार उघडणार, तर आतून आवाज, 'दादा, पाचच मिनिटं थांब, गोष्ट अर्धी राहिलीय.' ते गृहस्थ आज तिच्या शेजारी बसलेत. माझ्या उशिरा येण्याचं कौतुक करणारं हे पहिलंच घर.
भिंगरी लोकांना पुन्हा चालायला शिकवते. दवाखान्यात तिचं एकच वाक्य असतं— घाई नाही, मी आहे. जावईबापू, तुम्हीही तिला हेच म्हणत राहा.
पेला उचला, नाहीतर हात छातीशी धरा, आणि माझ्यामागे म्हणा: घाई नाही, आम्ही आहोत."

सगळा हॉल म्हणाला. जावयाची आजी सगळ्यात मोठ्याने. भिंगरी हसता हसता रडली. बाबांनी पेला खाली ठेवायला फार वेळ लावला.

२२ फेब्रुवारी
भिंगरी घरी आली होती. मी म्हटलं, तुझे सासरे कडक मुळीच वाटले नाहीत. फार हसली.
"दादा, त्यांच्याकडे सगळे अधूनमधून घेतात. त्या दिवशी माझ्यासाठी नाही घेतली. दारू सोडलीय ती मी. दोन वर्षं झाली. आईबाबांना ठाऊक होतं."
मला का नाही सांगितलंस?
"तू दर तासाला फोन केला असतास."

२३ फेब्रुवारी
आज एकदाही फोन केला नाही. संध्याकाळी तिचाच आला.